एकही नाही, म्हणजे किती?

२०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रोटाव्हॅक या भारतीय लशीच्या मोठ्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तान्ह्या मुलांना होणाऱ्या जोरदार जुलाबांमागे बऱ्याचदा रोटाव्हायरस नावाचा विषाणू असतो. त्यावरची ही तोंडावाटे द्यायची लस. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर मिळून ६,७९९ बाळं चाचणीत होती; पुण्यातलं काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राकडे होतं. त्यांतल्या ४,५३२ बाळांना खरी लस मिळाली आणि २,२६७ बाळांना तसंच दिसणारं, पण लस नसलेलं द्रव. लस घेतलेल्यांमध्ये रोटाव्हायरसचे तीव्र जुलाब निम्म्याहून थोडे अधिक घटले.

लशीचा उपयोग किती, याचं उत्तर मिळालं. मला त्या चाचणीतला दुसरा एक आकडा जास्त विचार करायला लावतो. कोणताही डोस दिल्यानंतरच्या तीस दिवसांत, लस घेतलेल्या ४,५३२ पैकी किती बाळांच्या आतड्यात आतडं अडकलं? एकाच्याही नाही.

आतड्यात आतडं अडकणं हा तान्ह्या वयातला विरळ पण घातक आजार आहे. डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो आणि तिथेच आवळला जातो. बाळ मधूनमधून कळवळून रडतं, सतत ओकतं, शी करताना रक्त आणि शेंब पडते. वेळेत दवाखान्यात पोहोचलं तर गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून ते आतडं मागे ढकलता येतं; उशीर झाला तर पोट उघडावं लागतं. लशीशिवायही हा आजार काही मुलांना होतोच. मग या चाचणीत त्याच्यावर एवढी करडी नजर का होती? कारण याच रोगावरची एक आधीची लस याच आजारामुळे बाजारातून गेली होती.

ती लस म्हणजे रोटाशील्ड. अमेरिकेत ३१ ऑगस्ट १९९८ रोजी तिला परवाना मिळाला. परवान्याआधीच्या चाचण्यांत लस घेतलेल्या १०,०५४ बाळांपैकी पाच जणांना आणि लस न घेतलेल्या ४,६३३ पैकी एकाला हा आजार झाला होता. पाच आणि एक यांतला फरक योगायोगानेही पडू शकतो, असं संख्याशास्त्र सांगत होतं, आणि ते चूक नव्हतं. लस सर्रास दिली जाऊ लागल्यावर मात्र लशीनंतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आतडं अडकल्याच्या नोंदी येऊ लागल्या. जुलै १९९९ मध्ये पंधरा नोंदी जमल्यावर सरकारी यंत्रणेने लस थांबवायला सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती मागे घेतली. पुढे बराच खल होऊन जो अंदाज सर्वसाधारणपणे मान्य झाला, तो असा: सुमारे १०,००० बाळांमागे एका बाळाला या लशीमुळे हा आजार होत होता.

आता पुन्हा त्या ४,५३२ कडे येऊ. दहा हजारांत एक इतका धोका असलेली लस आपल्याला माहीत आहे. नव्या लशीच्या चाचणीत तसं एकही बाळ दिसलं नाही. यावरून नवी लस जुनीपेक्षा सुरक्षित आहे असं म्हणता येईल का?

मनाला ‘हो’ म्हणावंसं वाटतं. साडेचार हजार बाळं म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत, आणि शून्याइतका स्वच्छ आकडा दुसरा नाही. पण नेमका शून्याच्याच बाबतीत नेहमीचा हिशेब लंगडा पडतो. निवडणुकीच्या कौलात आपण ‘अमुक टक्के, अधिक-उणे तीन’ असं वाचतो. हे अधिक-उणे काढायचं जे पाठ्यपुस्तकी सूत्र आहे, त्यात मिळालेल्या प्रमाणाने गुणावं लागतं. प्रमाण शून्य असलं की गुणाकार शून्य, आणि उत्तर येतं ‘शून्य, अधिक-उणे शून्य’. म्हणजे धोका नाहीच, आणि तो नसल्याची पुरती खात्री. दहा बाळं तपासली तरी हेच उत्तर, दहा लाख तपासली तरी हेच. हे हास्यास्पद आहे, पण अनेक संगणकी तक्त्यांतून ते अजूनही निमूटपणे बाहेर पडतं.

यातून बाहेर पडायची वाट सोपी आहे. फक्त प्रश्न उलटा विचारायचा. धोका किती आहे, हे शून्यावरून सांगता येत नाही. पण धोका अमुक इतका असता तर असं शून्य दिसण्याची शक्यता किती होती, हे मात्र चोख सांगता येतं.

समजा एखाद्या औषधाचा धोका खरोखर शंभरात एक आहे. म्हणजे एक रुग्ण सुखरूप राहण्याची शक्यता ०.९९. दोघे सुखरूप राहण्याची ०.९९ गुणिले ०.९९. असं गुणत गेलं की शंभरच्या शंभर सुखरूप राहण्याची शक्यता येते सुमारे ३७ टक्के. शंभरात एक धोका असताना शंभर जणांत एक तरी दिसेलच, असा जो आपला समज असतो तो इथेच गळून पडतो. दर तीन वेळांत एकदाहून जास्त वेळा काहीच दिसणार नाही. दोनशे रुग्ण घेतले तर कुणालाच काही न होण्याची शक्यता १३ टक्क्यांवर येते. तीनशे घेतले की ती ५ टक्क्यांच्या किंचित खाली जाते.

इथे आपण थांबतो. पाच टक्के, म्हणजे विसात एक, ही शक्यता इतकी कमी मानली जाते की तिच्यावर भिस्त ठेवायची नाही असा संख्याशास्त्राचा जुना रिवाज आहे. तेव्हा तीनशे रुग्णांत शून्य दिसलं, तर आपण म्हणतो की धोका शंभरात एकाहून जास्त असता तर हे शून्य दिसणं फारच नवलाचं झालं असतं. म्हणून शंभरात एक ही धोक्याची वरची मर्यादा. हजारात एक धोका घेऊन हाच गुणाकार केला तर पाच टक्क्यांवर यायला तीन हजार रुग्ण लागतात. दहा हजारांत एकाला तीस हजार. प्रत्येक वेळी तीनच पट.

नियम एवढाच आहे: एकही घटना दिसली नाही, तर ३ ला तपासलेल्यांच्या संख्येने भागा. येणारं उत्तर ही ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा. यालाच ‘तीनचा नियम’ म्हणतात. हा तीन कुठून आला? २० चा नैसर्गिक लॉगरिदम २.९९५७ येतो, आणि पाच टक्के म्हणजे विसावा भाग. गणिताने इतका गोल आकडा फुकट द्यावा असं क्वचितच होतं. खात्री ९९ टक्के हवी असेल तर तीनच्या जागी ४.६ येतात, ९० टक्क्यांवर भागणार असेल तर २.३.

ही युक्ती संख्याशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होती. डॉक्टरांच्या कानी ती घातली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले जेम्स हॅनली आणि ॲबी लिपमन-हँड यांनी, १९८३ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात लिहिलेल्या जेमतेम तीन पानी लेखातून. ‘काहीच बिघडलं नाही, म्हणजे सगळं ठीक आहे का?’ अशा अर्थाचा प्रश्नच त्यांनी मथळ्यात विचारला होता.

आता रोटाव्हॅकचा हिशेब. ३ भागिले ४,५३२ म्हणजे ०.०००६६, अर्थात साधारण १,५०० बाळांमागे एक. ज्यांना तीनवर समाधान नाही त्यांनी संगणकी तक्त्यात हे लिहावं:

```
=1-0.05^(1/4532)
```

उत्तर तेच येईल. फरक पुढच्या दशांशांत. आकडे लहान असतील तेव्हा मात्र हे अचूक सूत्रच वापरावं. एखाद्या शल्यविशारदाच्या दहा शस्त्रक्रियांत काही बिघडलं नाही, तर तीनचा नियम ३० टक्के मर्यादा देतो, खरी येते २६ टक्के. तीन शस्त्रक्रियांवर तर नियम १०० टक्के म्हणून मोकळा होतो, खरी मर्यादा ६३. तीसपासून पुढे हा फरक अर्ध्या टक्क्यावर येतो आणि मग कागद-पेन्सिलही लागत नाही.

तर ४,५३२ बाळांतल्या शून्याने आपल्याला काय दिलं? १,५०० बाळांमागे एक याहून मोठा धोका त्याने बाद केला. रोटाशील्डचा धोका होता १०,००० मागे एक, म्हणजे या मर्यादेच्या सहा-सात पट खाली. तिथपर्यंत हे शून्य पोहोचतच नाही. उलट बाजूने पाहिलं तर हे आणखी लख्ख दिसतं. समजा नवी लस अगदी रोटाशील्डइतकीच वाईट असती. मग ४,५३२ बाळांत लशीमुळे आजार होणारी सरासरी अर्ध्याहूनही कमी बाळं अपेक्षित होती, आणि एकही न दिसण्याची शक्यता होती सुमारे ६४ टक्के. म्हणजे जुन्या, मागे घेतलेल्या लशीची अशी चाचणी पुन्हापुन्हा घेतली असती, तरी दर तीनपैकी जवळजवळ दोन चाचण्यांत हेच निष्कलंक शून्य मिळालं असतं.

चाचणीत खोट होती असा याचा अर्थ नाही. ती मुख्यतः लस जुलाब रोखते का हे पाहण्यासाठी आखलेली होती, आणि तेवढ्यासाठी तेवढी बाळं पुरेशी होती. विरळ धोक्यासाठी ती पुरेशी नव्हती, एवढंच. हे दोन प्रश्न एकाच अहवालात शेजारीशेजारी बसतात आणि वाचणारा दोन्हींची उत्तरं सारख्याच विश्वासाने उचलतो. घोटाळा तिथे होतो.

मर्यादेचा अर्थ लावताना दोन गोष्टींत माणसं गडबडतात. पहिली म्हणजे मर्यादेलाच अंदाज समजणं. १,५०० मागे एक हा रोटाव्हॅकचा धोका नाही. धोका शून्यही असू शकतो, लाखात एकही असू शकतो. या आकड्याच्या पलीकडे तो असण्याला पुरावा पाठिंबा देत नाही, इतकंच विधान आहे. लशीविरोधात लिहिणाऱ्यांनी मर्यादेला धोका म्हणून छापणं आणि कंपनीने शून्यालाच धोका म्हणून छापणं, या दोन्ही चुका एकाच आकड्याच्या दोन टोकांना केलेल्या आहेत. दुसरी गोष्ट ९५ टक्क्यांची. ‘धोका या मर्यादेखाली असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं आपण बोलून जातो, पण नेमकं विधान पद्धतीबद्दल आहे: या पद्धतीने काढलेल्या मर्यादा दीर्घकाळात शंभरपैकी निदान पंचाण्णव वेळा खऱ्या धोक्याच्या वर राहतात. धोक्याबद्दल आधी काहीच माहीत नव्हतं असं धरून शक्यता थेट काढणारी जी दुसरी पद्धत आहे, तिच्याने हिशेब केला तर तीनला संख्येऐवजी संख्या अधिक एकने भागावं लागतं. ४,५३२ ऐवजी ४,५३३. त्यामुळे सामान्य वाचकाने या तात्त्विक भांडणात झोप मोडून घेऊ नये असं माझं मत आहे.

झोप मोडावी ती भाजकावरून. ३ हा अंश ठरलेला आहे; सगळी गंमत ज्याने भागायचं त्या आकड्यात आहे, आणि तिथे हातचलाखीला भरपूर जागा असते.

रोटाव्हॅकचे तीन डोस असतात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या सुमारास. सगळ्यांना तिन्ही मिळाले असं धरलं तर ४,५३२ बाळांना १३,५९६ डोस गेले. आता ३ ला १३,५९६ ने भागा: मर्यादा झाली ४,५३२ डोसांमागे एक. आकडा एका फटक्यात तिपटीने सुधारला आणि बाळ एकही वाढलं नाही. हे खोटं नाही. प्रश्न बदलला आहे: आधी एका बाळाचा धोका विचारला होता, आता एका डोसाचा. एका बाळाला तीन डोस मिळणार असल्याने फिरून हिशेब तिथेच येतो. पण एक गृहीत गुपचूप आत शिरलं, की तिन्ही डोसांचा धोका सारखा आहे. रोटाशील्डच्या बाबतीत तसं नव्हतं. तिथे धोका मुख्यतः पहिल्या डोसानंतरच्या काही दिवसांत एकवटलेला होता. नव्या लशीतही तसंच असेल अशी शंका असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या डोसाने भाजक फुगवण्यात अर्थ नाही. म्हणून ‘इतक्या हजार डोसांत एकही घटना नाही’ असं वाक्य दिसलं की आधी माणसं किती ते शोधावं.

भाजक फुगण्याची दुसरी तऱ्हा जास्त चोरटी आहे. नियमाच्या आत एक गृहीत दडलेलं आहे की घटना घडली असती तर ती आपल्याला दिसली असतीच. बाळाचं पोट फुगलं, आई-बाप रात्रीत गाडी करून जवळच्या भलत्याच दवाखान्यात गेले, तिथे ते बरं झालं किंवा दगावलं, आणि चाचणीच्या वहीत काहीच चढलं नाही, तर ते बाळ आपल्या हिशेबात ‘सुखरूप’ म्हणून बसतं. अशा घटनांपैकी निम्म्याच आपल्यापर्यंत पोहोचत असतील तर भाजकही निम्माच धरायला हवा, म्हणजे मर्यादा दुप्पट वर जाते. चांगल्या चाचण्या म्हणूनच वाट पाहत बसत नाहीत. संपर्क ठेवून घरच्यांकडे विचारपूस होते, ओकाऱ्या, रक्ताची शी, पोटात गोळा अशी लक्षणं आढळताच बाळाला डॉक्टरांपुढे आणलं जातं, सोनोग्राफी होते. ‘एकही घटना नोंदली गेली नाही’ आणि ‘शोधूनही एकही घटना सापडली नाही’ ही वाक्यं कागदावर सारखी दिसतात. दुसऱ्यालाच तीनचा नियम लावता येतो.

तिसरी अडचण शून्याच्या निवडीची. या चाचणीत मी ‘तीस दिवसांत’ हे शब्द मुद्दाम वापरले. पुढच्या काळात लस घेतलेल्या गटात सहा आणि दुसऱ्या गटात दोन बाळांना हा आजार झालाच. सगळ्या केसेस तिसऱ्या डोसानंतरच्या, आणि लस घेतलेल्यांतल्या सहाही महिना उलटून बऱ्याच दिवसांनी. लशीचा गट दुप्पट मोठा होता हे लक्षात घेतलं तर सहा आणि दोन यांत फारसं काही नाही; त्या वयात हा आजार असाही होतो. चाणाक्ष वाचक मात्र विचारेल की महिन्याची चौकट आखून शून्य मिळवलं की काय? उत्तर असं की चौकट रोटाशील्डच्या अनुभवावरून आलेली होती: लशीतला विषाणू आतड्यात वाढतो तो पहिल्या एक-दोन आठवड्यांत, आणि जुन्या लशीच्या केसेसही तेव्हाच्याच. चौकट आधी ठरली असेल तर तिच्यातलं शून्य खरं. आकडे हाती आल्यावर घटना बाहेर पडेल अशी चौकट शोधली, तर शून्य कुठेही मिळवता येतं आणि तीनचा नियम त्याला बिनतक्रार वरची मर्यादाही काढून देतो. हाच प्रकार दवाखान्यांच्या जाहिरातींत होतो. शंभर दवाखाने प्रत्येकी पन्नास शस्त्रक्रिया करतात, ज्यांच्याकडे काही बिघडलं नाही ते फलक लावतात, बाकीचे गप्प राहतात. फलकावरच्या शून्याला तीनचा नियम लावणं व्यर्थ, कारण ते शून्य निवडूनच तिथे आलेलं आहे.

मग विरळ धोक्याचा छडा लावायचा तर किती बाळं हवीत? दहा हजारांत एक धोका बाद करायचा तर नियम सांगतो तीस हजार, तीही फक्त लस घेतलेली. रोटाशील्डनंतर आलेल्या दोन परदेशी लशींच्या चाचण्या पाहिल्या की हा आकडा ओळखीचा वाटतो. रोटारिक्सच्या चाचणीत ६३,००० हून जास्त बाळं होती, त्यांपैकी ३१,६७३ लस घेतलेली. रोटाटेकच्या चाचणीत ६८,००० हून जास्त, त्यांपैकी ३४,०३५ लस घेतलेली. दोन्हींचे निकाल जानेवारी २००६ मध्ये एकाच अंकात छापले गेले. आखणी अर्थातच नुसत्या तीनच्या नियमावर झाली नव्हती. इतक्या बाळांत लशीशिवायही काहींचं आतडं अडकणारच होतं, त्यामुळे शून्याची आशाच नव्हती. प्रत्यक्षात रोटारिक्सच्या गटात महिन्याभरात सहा केसेस आल्या आणि लस नसलेल्या गटात सात; रोटाटेकमध्ये सहा आठवड्यांत सहा आणि पाच. शून्य संपलं की तीनचा नियमही संपतो आणि दोन गटांची तुलना सुरू होते. पण कामाचा आवाका किती लागेल, हे मनातल्या मनात सांगायला तो पुरेसा होता.

आणि साठ हजारही शेवटी पुरले नाहीत. या दोन लशी कोट्यवधी बाळांना दिल्या गेल्यावर त्यांचाही थोडा जास्तीचा धोका दिसला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजाने तो २०,००० ते १,००,००० बाळांमागे एक इतका आहे. म्हणजे रोटाशील्डहून बराच कमी, आणि चाचण्यांनी जी मर्यादा गाठायची ठरवली होती तिच्या खाली. लस चालू राहिली, कारण जुलाबांनी होणारे मृत्यू आणि दवाखान्यातल्या भरत्या तिने कितीतरी अधिक टाळल्या. लाखात एक धोका बाद करायचा असता तर लस घेतलेली तीन लाख बाळं लागली असती, आणि तितकीच लस न घेतलेली. इतकी मोठी चाचणी उभी राहीपर्यंत किती मुलं रोटाव्हायरसने गेली असती, हा हिशेबही कुणीतरी मांडायला हवाच होता. रोटाशील्ड मागे घेतली तेव्हा तो प्रश्न विचारला गेला होता. अमेरिकेत या विषाणूने मुलं फारशी मरत नव्हती, भारतासारख्या देशांत दरवर्षी हजारोंनी मरत होती. आणि तिथल्या माघारीनंतर ती लस इथे आलीच नाही.

रोटाव्हॅकच्या बाबतीत भारताने निराळी वाट धरली. २०१६ मध्ये हिमाचल प्रदेश, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांत ती सरकारी लसीकरणात आली, आणि लशीबरोबरच पाळतही सुरू झाली. इथे ४,५३२ च्या शून्याला मोठं करत बसण्याऐवजी प्रश्न दुसऱ्या टोकाकडून घेतला गेला. निरोगी बाळं मोजायचीच नाहीत. देशभरातल्या २७ रुग्णालयांत आतडं अडकून दाखल होणारी बाळं गाठायची, आणि त्यांच्या लसीकरण कार्डावरून डोस कधी दिला होता ते पाहायचं. प्रत्येक बाळाची तुलना त्याच्याच आयुष्यातल्या इतर दिवसांशी होते. लस दोषी असेल तर केसेस डोसानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत दाटून येतील. निर्दोष असेल तर वयाप्रमाणे पसरतील. या पद्धतीत भाजकाची गरजच उरत नाही, म्हणून तो फुगवायचीही सोय नाही.

२०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ५८९ बाळांच्या हिशेबात डोसानंतर तशी दाटी आढळली नाही. मात्र दीड महिन्याच्या वयात हा आजार मुळातच विरळ असल्याने, ज्या पहिल्या डोसाची सर्वांत जास्त धास्ती होती, त्याच्यानंतरच्या आठवड्यांत मोजायला केसेस मोजक्याच होत्या, आणि तिथला खालच्या-वरच्या मर्यादांमधला पट्टा बराच रुंद राहिला.